फ्रोझन ट्रान्सफरनंतरचं प्रोजेस्टेरॉन: कधी सुरू करायचं, कसं घ्यायचं, कधी बंद करायचं

मी एका आयव्हीएफ सेंटरला सिस्टर आहे, इंजेक्शन देणं आणि नवीन पेशंटला औषधं समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. लातूर, बीड, परभणी, धाराशिव असं चहूकडून पेशंट येतात, आणि एकदा गावी परत गेल्या की पंधरा दिवस आमच्याशी संबंध फक्त फोनवरचा. त्यामुळं प्रोजेस्टेरॉनबद्दल जे प्रश्न रात्री साडेदहाला फोनवर येतात ते एकदा नीट लिहून काढावं म्हणलं. हे सगळ्यात जास्त कामाचं आहे फ्रोझन एम्ब्रियो ट्रान्सफरवाल्यांना, म्हणजे ज्यांचा गर्भ आधी तयार करून गोठवून ठेवला आणि नंतर गोळ्यांनी अस्तर वाढवून आत सोडला. बाकीच्यांचं शेवटी थोडक्यात सांगते.

आधी फाईल काढा आणि सायकल कोणती ते बघा

फाईलवर बहुतेक करून एफईटी लिहिलेलं असतं आणि त्याच्या शेजारी एचआरटी किंवा नॅचरल. हा शेजारचा शब्द महत्त्वाचा आहे, कारण औषधाचा डोस चुकला तर किती घाबरायचं हे त्याच्यावर ठरतं.

असं बघा, नेहमीच्या महिन्यात काय होतं, तर बीजकोषातलं अंडं फुटून बाहेर पडतं आणि ते जिथून फुटलं तिथं एक पिवळसर गाठ तयार होते, कॉर्पस ल्युटियम म्हणतात तिला. ही गाठच प्रोजेस्टेरॉन बनवते. त्या प्रोजेस्टेरॉननं गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड न राहता गर्भ धरून ठेवण्यासारखं होतं, त्यातल्या ग्रंथी पाझरायला लागतात, आणि गर्भाशयाचं आकुंचन कमी होतं. दिवस गेले नाहीत तर ही गाठ साधारण दोन आठवड्यांत सुकते, प्रोजेस्टेरॉन पडतं आणि पाळी येते. दिवस गेले तर गर्भाकडून एचसीजी नावाचं हार्मोन येतं, ते गाठीला जगवतं, आणि मग साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात वार स्वतःच प्रोजेस्टेरॉन बनवायला लागते आणि गाठीची गरज संपते. हे कसं कळलं, तर १९७० च्या दशकात चापो नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवलं की सात आठवड्यांच्या आत ही गाठ काढली तर गर्भ पडतो, नंतर काढली तर टिकतो, आणि लवकर काढूनही बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं तर गर्भ राहू शकतो. आज तुम्हाला जे औषध देतात त्याचं मूळ तिथं आहे.

आता एचआरटी सायकलमध्ये तुम्हाला पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एस्ट्राडिओलच्या गोळ्या सुरू करतात, बहुतेक ठिकाणी २ मिलिग्रॅमची एक अशा दिवसाला तीन. त्यानं अस्तर वाढतं पण अंडं काही तयार होत नाही. अंडं नाही म्हणजे फुटणं नाही, फुटणं नाही म्हणजे ती पिवळी गाठ नाही, आणि गाठ नाही म्हणजे तुमच्या शरीरात स्वतःचं प्रोजेस्टेरॉन जवळपास शून्य. म्हणजे जे काही प्रोजेस्टेरॉन गर्भाला मिळायलंय ते तुम्ही घेतलेल्या कॅप्सूलमधून आणि इंजेक्शनमधून, दुसरीकडून काहीच नाही. "ताकदीचं औषध आहे, एखादा दिवस राहिलं तर काय होतंय" असं घरातले म्हणतात ना, ते इथं चालत नाही.

नॅचरल सायकलमध्ये मात्र तुमचं स्वतःचं अंडं फुटलेलं असतं, गाठ आहे, औषध हे वरून आधार म्हणून. ताज्या ट्रान्सफरचं, म्हणजे गर्भ न गोठवता त्याच सायकलमध्ये सोडतात त्याचं, मधलंच आहे, तिथं गाठी असतात, उलट भरपूर असतात, पण अंडी वाढवायच्या इंजेक्शनांमुळं आणि एस्ट्रोजेन खूप चढल्यामुळं मेंदूकडून गाठींना येणारा सिग्नल बंद पडतो आणि त्या लवकर सुकतात, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे बाहेरून द्यावं लागतं. एचसीजी वाढायला लागलं की त्या गाठी परत कामाला लागतात.

फाईलवर काहीच लिहिलं नसेल तर सरळ विचारा, "मॅडम, माझं अंडं फुटलंय का या महिन्यात, का नुसतं गोळ्यांवर आहे?" एवढा एक प्रश्न विचारला तरी बास.

पहिली कॅप्सूल, आणि तिथून चालू होणारं घड्याळ

सोनोग्राफीत अस्तर साधारण ७ मिलिमीटरच्या वर आणि तीन रेषांचं दिसलं की डॉक्टर सांगतात, अमुक तारखेपासून प्रोजेस्टेरॉन चालू करा. ही तारीख आणि वेळ म्हणजे सगळ्या सायकलचा पाया आहे. प्रोजेस्टेरॉन लागलं की अस्तर बदलायला लागतं आणि मोजके दिवसच ते गर्भ घ्यायच्या स्थितीत असतं. शेतकऱ्याच्या घरातल्या बायकांना मी वाफशाचं सांगते, वाफसा यायच्या आधी पेरलं तरी वाया, वाफसा उडाल्यावर पेरलं तरी वाया. पाच दिवसांचा गर्भ, ज्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात, तो प्रोजेस्टेरॉनचे पाच दिवस पूर्ण झाल्यावर म्हणजे सहाव्या दिवशी सोडतात. तीन दिवसांचा असेल तर त्या हिशोबानं दोन दिवस आधी.

एक उदाहरण तारखांनिशी घेते, समजा अंबाजोगाईची एक बाई आहे आणि तिची ट्रीटमेंट लातूरला चालू आहे. तिला सांगितलं की ३ फेब्रुवारीला सकाळी पहिली कॅप्सूल. ३, ४, ५, ६, ७ असे पाच दिवस झाले, ८ फेब्रुवारीला ट्रान्सफर. आता समजा ३ तारखेला मेडिकलवाल्याकडं औषधच नव्हतं आणि तिनं ४ ला सुरू केलं, आणि घाबरून सेंटरला सांगितलंच नाही, तर ८ तारखेला गर्भ एक दिवस कच्च्या अस्तरावर जाणार. सांगितलं असतं तर आम्ही ट्रान्सफर ९ ला घेतली असती, गर्भ तर गोठवलेलाच आहे, तो कुठं पळून जात नाही. त्यामुळं वेळ चुकली तर लपवू नका, कुणी रागावलं तर रागावू द्या.

म्हणून औषध तालुक्याला मिळेल या भरवशावर राहू नका. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सगळीकडं असतात पण तुमच्या चिठ्ठीतल्या मिलिग्रॅमची, तुमच्या प्रकारची नेमकी मिळेलच असं नाही, आणि मेडिकलवाला "तेच आहे ताई, फक्त कंपनी वेगळी" म्हणून तोंडानं घ्यायची गोळी हातात ठेवतो. निदान ट्रान्सफरनंतरच्या पंधरा दिवसांचं औषध सेंटर सोडायच्या आधी पिशवीत असू द्या. आणि फेब्रुवारीत सुरू केलेलं औषध एप्रिलपर्यंत चालतं, तोपर्यंत आपल्याकडं ऊन चाळिशीला टेकलेलं असतं, पत्र्याच्या घरात कपाटावर ठेवलेल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटतात आणि मेणासारख्या असतात त्या वितळतात. पाकिटावर किती तापमानात ठेवायचं ते छापलेलं असतं ते बघा, थंड लागत असेल तर फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. प्रवासात एसटीच्या खिडकीपाशी उन्हात पिशवी ठेवू नका.

कॅप्सूल खालून ठेवायची पद्धत

प्रोजेस्टेरॉन तोंडानं घेतलं की लिव्हरमध्येच त्याचा बराचसा भाग मोडतो आणि जे मोडून तयार होतं त्यानं गुंगी येते. खालून ठेवलं तर ते योनीच्या भिंतीतून थेट गर्भाशयाकडं जातं, त्यामुळं रक्तात लेव्हल कमी दिसली तरी गर्भाशयात चांगलं पोहोचतं. म्हणून बहुतेक ठिकाणी हीच पद्धत. डोस सेंटरप्रमाणं वेगळा असतो, कुठं २०० मिलिग्रॅम तीन वेळा, कुठं ४०० दोन वेळा, कुठं जेल. शेजारणीचा डोस वेगळा म्हणून तुमचा चुकीचा होत नाही.

हात साबणानं धुवा, नखं कापलेली असू द्या. आडवं पडून गुडघे वर घ्या किंवा उभं राहून एक पाय पाटावर ठेवा, आणि कॅप्सूल बोटानं जेवढी सहज आत जाईल तेवढी सारा, पूर्ण बोटभर गेली की झालं. गर्भाशयाच्या तोंडाला लागेपर्यंत ढकलायची गरज नाही आणि बोटानं गर्भाला धक्का लागेल ही भीती तर सोडूनच द्या, गर्भ वर गर्भाशयात आहे, बोट तिथं पोहोचतच नाही. पंधरा-वीस मिनिटं पडून राहिलात तर बरं. रात्रीचा डोस झोपताना ठेवा, म्हणजे बाहेर येणं कमी होतं.

मग दुसऱ्या दिवशी फोन येतो, "सिस्टर, सगळं पांढरं बाहेर आलं, औषध वायाच गेलं." नाही गेलं. औषध शोषलं जातं आणि उरलेलं तेल, मेण किंवा कॅप्सूलचं आवरण पांढरट दह्यासारखं बाहेर येतं. त्यासाठी परत एक कॅप्सूल ठेवायची नाही. साधा पातळ पॅड वापरा. मात्र खाज सुटली, आग व्हायली, हिरवट किंवा वास येणारा पांढरा जायला लागला तर ते इन्फेक्शन असू शकतं, तेव्हा दाखवा, आणि मनानं दुसरं क्रीम त्याच जागी लावू नका.

डोस राहिला तर? आठवला तसा लगेच घ्या. पण पुढच्या डोसची वेळ अगदी जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नका, पुढचा वेळेवर घ्या. आणि एचआरटीवाल्यांनी सेंटरला फोन करून कळवायचंच. मोबाईलला तीन अलार्म लावून टाका, त्याला नाव दुसरंच काहीतरी द्या म्हणजे सासूबाईंसमोर वाजला तरी हरकत नाही. महाशिवरात्र मधी येते, उपास असला तरी कॅप्सूल चुकवायची नाही, ती पोटात जातच नाही, आणि पोटातून घ्यायची गोळी असली तरी पाण्यासोबत घेतलेल्या औषधानं उपास मोडतो असं मला तरी वाटत नाही, देवाचं देव बघून घेईल.

तोंडानं घ्यायची जी गोळी फार चालते ती डायड्रोजेस्टेरॉन, बायका तिला डुफास्टन म्हणूनच ओळखतात. ती प्रोजेस्टेरॉनसारखी काम करते पण रचना थोडी वेगळी आहे, म्हणून तोंडानं घेऊनही चालते. ताज्या आयव्हीएफ ट्रान्सफरमध्ये १० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा ही गोळी खालून ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या तोडीची ठरली, २०१७ आणि २०१८ साली छापून आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांत ते दिसलं. एक लक्षात ठेवा, ही गोळी रक्ताच्या प्रोजेस्टेरॉन टेस्टमध्ये दिसत नाही. एखादी बाई नुसती याच गोळीवर असेल आणि गावातल्या लॅबमध्ये जाऊन प्रोजेस्टेरॉन मोजून आली, रिपोर्ट आला एकदम कमी, की घरात रडारड. औषध काम करायलंय, टेस्टला ते ओळखूच येत नाही.

तेलाचं इंजेक्शन

काही जणींना कॅप्सूलसोबत इंजेक्शन देतात. याचं कारण असं की एचआरटीत नुसत्या कॅप्सूलवर काही बायकांच्या रक्तात लेव्हल पुरेशी चढत नाही. ट्रान्सफरच्या आसपास रक्त तपासून साधारण ९-१० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर बरीच सेंटर इंजेक्शन वाढवतात, कारण कमी लेव्हलवाल्यांमध्ये गर्भ टिकायचं प्रमाण कमी दिसलंय. अमेरिकेतल्या २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात फ्रोझन ट्रान्सफरमध्ये नुसतं खालून घेणाऱ्यांचा रिझल्ट कमी आला आणि खालून घेऊन दर तिसऱ्या दिवशी एक इंजेक्शन जोडणाऱ्यांचा रोज इंजेक्शन घेणाऱ्यांइतकाच चांगला आला. पण ते औषध आणि डोस त्यांचे होते, त्यामुळं त्याच्यावरून स्वतः बदल करायचा नाही, डॉक्टरांशी बोलायला मुद्दा म्हणून ठीक.

हे इंजेक्शन तेलात असतं, घट्ट असतं, म्हणून सुई जाड आणि जागा कमरेखाली, कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात, खोल स्नायूत. दंडावर घ्यायचं नाही. गावातल्या डॉक्टरकडं किंवा सिस्टरकडं जाताना चिठ्ठी सोबत न्या आणि त्यांना दाखवून म्हणा की हे तेलाचं आहे, हळू द्या. अँपुल देण्याआधी दोन-तीन मिनिटं मुठीत धरून कोमट केली की तेल पातळ होतं. एक दिवस डावी बाजू, एक दिवस उजवी. नंतर जागा चोळून कोमट शेक द्या. गाठ येणं, दुखणं हे होतंच, पण गाठ लाल झाली, गरम लागली, ताप आला तर तिथं पू होऊ शकतो, तेव्हा दाखवायला थांबू नका. आणखी एक प्रकार पाण्यासारखा पातळ असतो, तो पोटाच्या कातडीखाली छोट्या सुईनं देतात. दोन्हीत गोंधळ करू नका, तेलाचं पोटावर द्यायचं नसतं.

तेल कोणतं आहे तेही वाचा. काही इंजेक्शनं तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलात असतात, काही कॅप्सूलमध्येही शेंगदाणा तेल असतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. आपल्याकडं कुटाशिवाय भाजी होत नाही, त्यामुळं ज्यांना आहे त्यांना बहुधा आधीच कळलेलं असतं.

ट्रान्सफर ते बीटा

हे दिवस सगळ्यात वाईट, आणि त्यात प्रोजेस्टेरॉन जास्तीचा खेळ करतं. छाती जड होणं, पोट फुगणं, पोट साफ न होणं, झोप येणं, जीव नकोसा होणं, हे सगळं औषधानंही होतं आणि दिवस गेल्यानंही होतं. म्हणून लक्षणं आहेत म्हणून आनंद करू नका आणि नाहीत म्हणून रडू नका, त्यावरून काहीच कळत नाही. पाळी आली नाही हाही पुरावा नाही, कारण औषध चालू असलं की दिवस गेले नसतानाही पाळी लांबते.

आपल्या उदाहरणातल्या बाईची ट्रान्सफर ८ फेब्रुवारीला झाली, तिला बीटा एचसीजीची रक्ततपासणी २० फेब्रुवारीला सांगितली. तिनं १४ तारखेलाच मेडिकलमधून पट्टी आणली, एकच रेघ आली, आणि जाऊबाई म्हणाल्या, "झालं की आता, कशाला उगं औषधं घ्यायलीस?" इथंच गोची होते. सहाव्या दिवसाला पट्टीत न येणं अगदी साधी गोष्ट आहे, एचसीजी तेवढं वाढलेलंच नसतं. आणि एचआरटीत त्या दिवशी औषध सोडलं तर दोन-चार दिवसांत अस्तर सुटायला लागतं, गर्भ रुजत असला तरी जातो. त्यामुळं औषध बंद करायचा निर्णय फक्त रक्ताच्या रिपोर्टवर आणि फक्त डॉक्टरांच्या तोंडून.

झोपून राहायचं का? नाही. ट्रान्सफरनंतर पडून राहिल्यानं फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. घरातलं हलकं काम, चालणं, एसटीनं गावी जाणं चालतं. जड ओझी, घागरी, उन्हात कापूस वेचणं हे टाळा, पण बाथरूमला जायला घाबरू नका.

डाग दिसला तर

हे मी मुद्दाम वेगळं घेते कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसला की दोन गोष्टी घडतात, एक तर बाई समजते की पाळी आली, सगळं संपलं, आणि दुसरं म्हणजे रक्त जात असताना खालून कॅप्सूल कशी ठेवायची, विटाळात असं कसं करायचं, म्हणून डोस थांबतो. डाग लागला तरी कॅप्सूल ठेवायची, थांबवायची नाही, आणि त्याच दिवशी सेंटरला फोन. रक्त जास्त असेल आणि कॅप्सूल वाहून जायली असेल तर डॉक्टर काही दिवस इंजेक्शनवर किंवा तोंडाच्या गोळीवर टाकतात. डाग कॅप्सूल ठेवताना आतल्या नाजूक कातडीला बोट लागूनही येतो, अस्तरातूनही येतो, आणि गर्भ टिकत नसल्यामुळंही येतो. नुसता डाग बघून यातलं कोणतं ते कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही, डॉक्टरांनाही नाही, त्यासाठी दोन दिवसांच्या अंतरानं बीटा किंवा पुढं सोनोग्राफी लागते.

फोन करताना चार गोष्टी सांगा म्हणजे समोरच्याला ठरवता येतं: ट्रान्सफरची तारीख, रक्ताचा रंग आणि किती पॅड लागले, पोटात दुखतंय का आणि कोणत्या बाजूला, आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला.

मात्र तासाला एक पॅड भिजायला लागला, पोटात एका बाजूला तीव्र कळ आली, खांदा दुखायला लागला, चक्कर येऊन डोळ्यापुढं अंधारी आली, तर फोनवर वेळ घालवू नका, जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा, अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज असो की संभाजीनगरची घाटी, जे जवळ असेल ते. गर्भ नळीत रुजला असेल तर असं होऊ शकतं, आणि प्रोजेस्टेरॉन नळीतला गर्भ रोखत नाही. उलट औषधामुळं पाळी लांबल्यानं सगळं ठीक आहे असं वाटत राहतं, म्हणून सोनोग्राफी चुकवू नका.

बीटा पॉझिटिव्ह आलं, आता किती दिवस

आठवडे मोजायची एक पद्धत आहे. पाच दिवसांचा गर्भ सोडला त्या दिवशी तुम्ही २ आठवडे ५ दिवसांच्या धरल्या जाता, म्हणजे ट्रान्सफरच्या तारखेतून १९ दिवस मागं गेलं की ती तुमची हिशोबाची पाळीची तारीख. आपल्या बाईची ८ फेब्रुवारीला ट्रान्सफर, म्हणजे हिशोबाची पाळी २० जानेवारी. २० फेब्रुवारीला बीटा झाली तेव्हा ती ४ आठवडे ३ दिवसांवर होती. परत ४८ तासांनी केली तर आकडा बराच वाढलेला पाहिजे, सुरुवातीला तो साधारण दुप्पट होतो. ६ मार्चच्या आसपास साडेसहा आठवडे, तेव्हा सोनोग्राफीत ठोके दिसायला हवेत. ३१ मार्चला १० आठवडे आणि आंबेडकर जयंतीला, १४ एप्रिलला, १२ आठवडे.

एचआरटीवाल्यांना प्रोजेस्टेरॉन आणि एस्ट्राडिओल दोन्ही साधारण १० ते १२ आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात. वार सात-नऊ आठवड्यांत काम हाती घेते, त्याच्यावर थोडी सेफ्टी म्हणून हे जास्तीचे आठवडे. पॉझिटिव्ह आलं म्हणून एस्ट्राडिओलची गोळी सोडणाऱ्याही असतात, "ती तर अस्तर वाढवायची होती ना" म्हणून, तसं करू नका, तीही शरीरात स्वतःची बनत नसते. बंद करताना काही सेंटर हळूहळू कमी करतात, काही एका दिवसात बंद करतात, दोन्ही चालतं. बंद केल्यावर छातीचं जडपण कमी झालं की बायका घाबरतात, ते औषध उतरल्याचं आहे.

ताज्या ट्रान्सफरवाल्यांचं वेगळं, त्यांच्या गाठी एचसीजीनं जिवंत झालेल्या असतात म्हणून पुष्कळ डॉक्टर त्यांचं औषध पहिल्या सोनोग्राफीच्या आसपासच थांबवतात. तुमचं एप्रिलपर्यंत आणि नणंदेचं मार्चमध्येच बंद, यात कुणाचं चुकलेलं नाही. आणि सातव्या महिन्यापर्यंत "असू दे सोबतीला" म्हणून कुणी लिहून दिलं असेल तर ते कशासाठी हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

बीटा निगेटिव्ह आलं तर औषध थांबवतात आणि साधारण दोन ते सात दिवसांत पाळी येते, थोडी जास्त आणि रक्ताच्या गाठींची असू शकते. आठवडा उलटूनही आली नाही तर परत बीटा करून घ्या.

ट्रीटमेंटशिवाय दिवस गेलेत, तरी लिहून दिलंय

आपल्याकडं पाळी चुकली की पहिल्याच व्हिजिटला प्रोजेस्टेरॉन लिहून द्यायची सवय आहे. नैसर्गिक दिवस गेलेत, रक्त जात नाही, आधी काही त्रास नाही, अशा बाईला त्याचा फायदा होतो असं दिसलेलं नाही. तिची पिवळी गाठ काम करायलीच असते. आधी कारण न सापडता तीन किंवा जास्त वेळा गर्भपात झालेल्या ८३६ बायकांवर प्रॉमिस नावाचा अभ्यास झाला, २०१५ साली छापून आला. त्यात प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्या आणि नुसती खोटी कॅप्सूल घेणाऱ्या यांच्यात खास फरक पडला नाही.

फरक पडला तो रक्त जाणाऱ्यांमध्ये. २०१९ च्या प्रिझम अभ्यासात इंग्लंडकडच्या ४१५३ बायका होत्या, सगळ्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत रक्त जात होतं. सगळ्या धरून बघितलं तर ७५ टक्के विरुद्ध ७२ टक्के, म्हणजे ठामपणे काही सांगता येत नाही एवढाच फरक. पण ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भपात झाले होते त्यांच्यात औषधवाल्यांपैकी ७२ टक्के बायकांना जिवंत मूल झालं आणि बिनऔषधवाल्यांपैकी ५७ टक्के. म्हणून इंग्लंडमध्ये २०२१ पासून असं सांगतात की सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयात आहे, रक्त जातंय, आणि आधी एक तरी गर्भपात झालाय, अशा बाईला ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा खालून द्या, आणि ठोके दिसले तर १६ आठवड्यांपर्यंत चालू ठेवा.

त्यामुळं तुमचे दिवस आपोआप गेले असतील आणि रक्त जात असेल तर डॉक्टरांना आधीच्या गर्भपातांबद्दल स्पष्ट सांगा. पुष्कळदा सासू सोबत असते म्हणून पहिला दीड महिन्याचा पडलेला सांगितला जात नाही, आणि नेमकं त्याच माहितीवर औषध द्यायचं की नाही ते ठरतं. पाहिजे तर चिठ्ठीवर लिहून सिस्टरच्या हातात द्या.

आणि रक्ताची प्रोजेस्टेरॉन लेव्हल कमी आली म्हणून घाबरवलं असेल तर एवढं माहीत असू द्या की नैसर्गिक गरोदरपणात ही लेव्हल दिवसभरात वरखाली होत राहते, आणि गर्भच नीट वाढत नसेल तर एचसीजी कमी पडतं, गाठ ढिली पडते आणि लेव्हल खाली येते. म्हणजे लेव्हल कमी म्हणून गर्भ गेला असं नसून, गर्भ जायलाय म्हणून लेव्हल कमी, असंच बहुतेक वेळा असतं. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी साधारण अर्ध्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो, आणि तो कितीही कॅप्सूल ठेवल्या तरी दुरुस्त होत नाही. घरात कुणी "तू औषध नीट घेतलं नसशील" म्हणालं, तर हे त्यांना वाचून दाखवा.